विश्लेषण : लांबलचक करार वाचताना एआय सुरुवातीचे कलम का विसरते? ‘सरकती खिडकी’ म्हणजे काय?

पन्नास पानी करारनामा एआय मॉडेलला वाचायला द्यावा, शेवटच्या पानांवरील प्रश्नांची उत्तरे अचूक यावीत आणि तिसऱ्या पानावरील मुदत मात्र चुकीची सांगितली जावी, हा अनुभव अनेकांना येतो. भाषा सफाईदार असते, कलमांची नावे बरोबर असतात, आकडा तेवढा चुकतो. यामागे नेहमी एकच कारण असते असे नाही. पण काही मॉडेलांच्या बाबतीत हा रचनेचा परिणाम असतो. मर्यादित मेमरीत मोठा मजकूर बसवण्यासाठी ही मॉडेल सगळा मजकूर एकाच वेळी पाहत नाहीत. ती एका सरकत्या खिडकीतून पाहतात. ही खिडकी किती मोठी असते, तिच्याबाहेर गेलेल्या मजकुराचे काय होते आणि त्यावर उपाय कोणते निघाले, याचा हा आढावा.

मजकूर वाचण्यासाठी इतकी मेमरी का लागते?

आजची बहुतेक भाषा-मॉडेल २०१७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ रचनेवर उभी आहेत. मजकुराचे आधी लहान तुकडे केले जातात. त्यांना टोकन म्हणतात. एखादे टोकन म्हणजे पूर्ण शब्द असेल, शब्दाचा भाग असेल किंवा एखादे अक्षरही असेल. पुढे प्रत्येक टोकन आपल्या आधीच्या सर्व टोकनांकडे पाहते आणि त्यातील कोणाला किती महत्त्व द्यायचे ते ठरवते. या क्रियेला ‘अटेन्शन’ असे नाव आहे. ती एकदाच होत नाही. मॉडेलमध्ये एकावर एक थर असतात आणि प्रत्येक थरात ती नव्याने होते.

यात दोन खर्च आहेत आणि ते वेगळे ठेवून पाहायला हवेत. पहिला खर्च गणिताचा. मजकूर दुप्पट झाला की टोकनांच्या जोड्या चौपट होतात. दुसरा खर्च मेमरीचा. उत्तर लिहिताना प्रत्येक नव्या टोकनाला मागचे सगळे पुन्हा पाहावे लागते. दर वेळी मागचे गणित नव्याने करू नये म्हणून मॉडेल प्रत्येक टोकनासाठी आकड्यांच्या दोन याद्या जपून ठेवते. एकीला ‘की’ म्हणतात, दुसरीला ‘व्हॅल्यू’. या साठ्याला ‘केव्ही कॅश’ म्हणतात. मजकूर वाढेल त्याच प्रमाणात हा साठा फुगत जातो.

२०२२ मध्ये आलेल्या ‘फ्लॅशअटेन्शन’ या तंत्राने सगळ्या जोड्यांचा भलामोठा तक्ता मेमरीत मांडण्याची गरज संपवली. जोड्यांची संख्या मात्र त्याने कमी होत नाही आणि कॅशही तेवढीच राहते.

हा साठा नेमका किती मोठा असतो?

फ्रान्समधील मिस्ट्राल कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये आणलेले ‘मिस्ट्राल ७बी’ हे मॉडेल उदाहरण म्हणून घेऊ. त्याची रचना जाहीर असल्याने हिशेब कागदावर मांडता येतो. त्यात ३२ थर आहेत. प्रत्येक थरात एका टोकनासाठी ८ गट आणि प्रत्येक गटात १२८ आकडे ‘की’चे, तेवढेच ‘व्हॅल्यू’चे. म्हणजे एका थरात २,०४८ आकडे. प्रत्येक आकड्याला दोन बाइट धरले तर एका थरात ४ केबी आणि ३२ थरांत १२८ केबी. मूळ शब्द काही बाइटचा, पण मॉडेलच्या आठवणीत त्याची जागा १२८ केबीची.

आता समजा, गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाचा ४८ पानांचा इंग्रजी करारनामा आहे. एका पानावर साधारण ६८० टोकन धरली तर एकूण सुमारे ३२ हजार टोकन होतात. प्रत्येकी १२८ केबीप्रमाणे त्यांचा साठा ४ जीबी. मॉडेल स्वतःच सुमारे १४ जीबी जागा घेते. १६ जीबी मेमरीच्या ग्राफिक्स कार्डावर मॉडेल चढवल्यावर जेमतेम दीड-दोन जीबी उरतात. म्हणजे करार पूर्ण वाचून होण्याआधीच मेमरी संपते आणि काम थांबते.

सरकती खिडकी काय करते?

उपाय सोपा वाटावा असा आहे. प्रत्येक टोकनाने मागच्या सगळ्यांकडे न पाहता फक्त जवळच्या ठरावीक टोकनांकडे पाहायचे. मिस्ट्राल ७बीमध्ये ही संख्या ४,०९६ ठेवली होती, म्हणजे आपल्या करारातील सुमारे सहा पाने. वाचन पुढे जाईल तशी ही सहा पानांची खिडकीही पुढे सरकते.

खिडकीबाहेरचे काहीच पाहायचे नसेल तर ते जपून ठेवण्याचीही गरज नाही. म्हणून कॅशमध्ये ४,०९६ कप्पेच ठेवले जातात आणि ते भरले की नवे टोकन सर्वांत जुन्याच्या जागी लिहिले जाते. कोणते टोकन कोणत्या कप्प्यात जाईल, हे एका भागाकाराच्या बाकीवरून ठरते :

```
slot = position % 4096
```

५,००० क्रमांकाचे टोकन ९०४ क्रमांकाच्या कप्प्यात जाते आणि तिथे आधीपासून असलेले ९०४ क्रमांकाचे टोकन पुसले जाते. ‘पुसले जाते’ हे शब्दशः घ्यायचे. ते दुसरीकडे कुठे साठवलेले नसते.

यातून वाचणारी मेमरी मोठी आहे. ४,०९६ कप्पे गुणिले १२८ केबी म्हणजे अर्धा जीबी. करार ४८ पानांचा असो की ४८० पानांचा, साठा अर्ध्या जीबीपुढे जात नाही. आपल्या करारासाठी मेमरी आठपट कमी लागली. गणितही घटले. पूर्ण अटेन्शनमध्ये एका थरात टोकनांच्या सुमारे ५३.७ कोटी जोड्या झाल्या असत्या. खिडकीमुळे त्या सुमारे १२.६ कोटींवर आल्या. १६ जीबीच्या त्याच कार्डावर आता करार वाचून होतो.

मग खिडकीबाहेरचे सगळे विसरले जाते का?

नाही, आणि इथेच गोष्ट रंजक होते. थर एकावर एक असल्यामुळे माहिती टप्प्याटप्प्याने पुढे सरकू शकते. पहिल्या थरात नवव्या पानावरील टोकनाने तिसऱ्या पानावरील काही टिपले. दुसऱ्या थरात पंधराव्या पानावरील टोकनाने नवव्या पानाकडे पाहिले, तेव्हा तिसऱ्या पानाची खबर त्याच्यापर्यंत आली. प्रत्येक थरात सहा पानांची एक झेप पडते. ३२ थर गुणिले ४,०९६ म्हणजे सुमारे १ लाख ३१ हजार टोकनांपर्यंत माहिती पोहोचू शकते, असा हा हिशेब आहे. आपल्या करारात तिसऱ्या पानावरून शेवटपर्यंत यायला आठ झेपा पुरतात.

तरीही पोहोचू शकणे आणि नेमके पोहोचणे यात फरक आहे. समजा, तिसऱ्या पानावरील कलमात घरांचा ताबा देण्याची मुदत ३६ महिने आणि वर ६ महिन्यांचा सवलतीचा काळ दिला आहे. पंचेचाळिसाव्या पानावर म्हटले आहे की, ‘वर नमूद मुदतीनंतर विकासकाला दरमहा दंड लागू होईल’. करार वाचून झाल्यावर सभासद विचारतो, दंड कितव्या महिन्यानंतर सुरू होणार? बरोबर उत्तर ४२ महिने. हे उत्तर लिहिताना मॉडेलला थेट दिसतात ती सुमारे ४३ ते ४८ ही पाने. दंडाचे कलम समोर आहे, मुदतीचे नाही. ‘३६’ आणि ‘६’ हे आकडे आठ हातांतून फिरलेल्या निरोपातच शिल्लक असतील तर असतील.

त्यातही मोठी अडचण अशी की, निरोप पुढे देणाऱ्याला पुढचा प्रश्न माहीत नसतो. नवव्या पानावरील टोकन तिसऱ्या पानाकडे पाहत होते, तेव्हा सभासदाने मुदतीबद्दल काहीही विचारलेले नव्हते. त्या पानावर पार्किंगची संख्या होती, भाड्याची रक्कम होती, चटई क्षेत्र होते. त्यातले नेमके काय पुढे न्यायचे हे त्याला कसे कळावे? म्हणून विषयाचा सूर पुढे पोहोचतो. हा पुनर्विकासाचा करार आहे, विकासक आणि संस्था हे दोन पक्ष आहेत, मुदतीचे कलम आहे, इतके टिकते. नेमका आकडा गळतो. उत्तर लिहिताना मॉडेल ती रिकामी जागा अशा करारांत सहसा दिसणाऱ्या आकड्याने भरते. भाषा सफाईदार आणि आकडा चुकीचा, असे उत्तर त्यातूनच येते.

यावर सुरुवातीचे उपाय कोणते होते?

ही अडचण मिस्ट्रालच्या आधीपासून माहीत होती. गुगलचे २०१८ मधील ‘बर्ट’ हे मॉडेल एका वेळी फक्त ५१२ टोकन घेत असे. अमेरिकेतील ॲलन इन्स्टिट्यूट फॉर एआय या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘लाँगफॉर्मर’ मांडून ही मर्यादा ४,०९६ वर नेली. त्यातही ५१२ टोकनांची खिडकी होती. तिच्या जोडीला काही निवडक टोकनांना मात्र पूर्ण दृष्टी दिली होती. ती सगळ्या मजकुराकडे पाहू शकतात आणि मजकुरातील प्रत्येक टोकन त्यांच्याकडे पाहू शकते. प्रश्नोत्तरांच्या कामात ही मुभा प्रश्नाच्या टोकनांना दिली गेली. त्यामुळे ‘मुदत किती’ हा प्रश्न तिसऱ्या पानालाही थेट दिसतो आणि पंचेचाळिसाव्या पानालाही. निरोप्याला प्रश्न आधीच माहीत असल्याने काय टिपायचे ते कळते. प्रश्नाची टोकन मोजकीच असल्यामुळे खर्च फारसा वाढत नाही.

त्याच वर्षी गुगलच्या संशोधकांनी ‘बिगबर्ड’मध्ये तिसरी गोष्ट जोडली. खिडकी आणि पूर्ण दृष्टीची टोकन यांच्याबरोबर प्रत्येकाला दूरचे काही यादृच्छिक दुवे. कोणाही दोघांमधले अंतर मग कमी टप्प्यांत कापले जाते. एकेक टोकन विखुरलेले असेल तर ग्राफिक्स चिपला मेमरीत ठिकठिकाणी धाव घ्यावी लागते आणि वेळ वाचण्याऐवजी जातो. म्हणून बिगबर्डमध्ये टोकनांचे सलग ठोकळे करून ठोकळ्याला ठोकळा जोडला जातो. जोड्यांच्या तक्त्यातील बहुतेक घरे अशी रिकामी सोडण्याच्या या सगळ्या पद्धतींना मिळून ‘विरळ अटेन्शन’ म्हणतात.

लाँगफॉर्मर आणि बिगबर्ड ही मुख्यतः मजकूर समजून घेणारी मॉडेल होती. तिथे प्रश्न आणि दस्तऐवज एकत्रच हाती असतात. संवाद साधणाऱ्या मॉडेलमध्ये टोकन फक्त मागे पाहते आणि प्रश्न बहुधा शेवटी येतो. तिथे ही युक्ती जशीच्या तशी लागू होत नाही.

पहिली चार टोकन इतकी महत्त्वाची का ठरली?

इथे एक अनपेक्षित बिघाडही समोर आला. जे मॉडेल पूर्ण अटेन्शनवर शिकले आहे, त्याला वापरताना खिडकी लावली तर काय होते? मजकूर खिडकीच्या लांबीइतका होईपर्यंत सगळे ठीक चालते. सर्वांत पहिली टोकन कॅशमधून बाहेर पडली की मॉडेल एकाएकी निरर्थक लिहू लागते. वाटेत हळूहळू घसरण दिसत नाही.

एमआयटी, मेटा आदी संस्थांतील संशोधकांनी २०२३ मध्ये याचे कारण दाखवले. अटेन्शनमध्ये महत्त्वाची वाटणी अशी होते की सगळ्यांची बेरीज एकच यावी. एखाद्या टोकनाला मागचे काहीच कामाचे नसेल तरी ते एकक कुठेतरी द्यावेच लागते. सुरुवातीची टोकन सर्वांनाच दिसत असल्यामुळे मॉडेल शिकताना हे उरलेले महत्त्व त्यांच्यावर टाकायची सवय लावून घेते. त्या टोकनांना अर्थ काय आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. ती काढली की तो सगळा भार इतरांवर पडतो आणि हिशेब कोलमडतो. उपाय म्हणजे खिडकी कितीही पुढे सरकली तरी पहिली चार टोकन कॅशमध्ये कायम ठेवायची. एवढ्याने मॉडेल लाखो टोकनांपर्यंत सुसंगत लिहू शकले.

मात्र याचा अर्थ नीट घ्यायला हवा. चार टोकन जपल्याने भाषेची सफाई टिकते, तिसऱ्या पानावरील मुदत परत येत नाही. मधला पुसलेला मजकूर पुसलेलाच राहतो. हे या संशोधकांनीही स्पष्ट केले आहे.

आजची मॉडेल काय करतात?

मिस्ट्रालने याच मॉडेलच्या पुढच्या ०.२ आवृत्तीत खिडकी काढून टाकली आणि ३२ हजार टोकनांवर पूर्ण अटेन्शन ठेवले. इतर अनेकांनी मधला मार्ग घेतला. काही थरांत खिडकी, काही थरांत पूर्ण दृष्टी. गुगलच्या २०२४ मधील ‘जेमा २’मध्ये हे थर एकाआड एक होते. मार्च २०२५ मधील ‘जेमा ३’मध्ये पाच थर खिडकीचे आणि एक पूर्ण दृष्टीचा अशी रांग आहे, आणि खिडकी फक्त १,०२४ टोकनांची.

याचा हिशेब पाहा. मजकूर १ लाख ३१ हजार टोकनांचा असेल तर पूर्ण दृष्टीच्या सहा थरांना मिळून सुमारे ७ लाख ८६ हजार कप्पे लागले असते. मिश्र रचनेत पूर्ण दृष्टीच्या एका थराला १ लाख ३१ हजार आणि खिडकीच्या पाच थरांना मिळून जेमतेम ५ हजार. म्हणजे साठा सुमारे १७ टक्क्यांवर येतो. तरीही दर सहा थरांमागे एकदा प्रश्न थेट तिसऱ्या पानाकडे पाहू शकतो. शेजारच्या शब्दांचे नाते जोडायला खिडकी पुरते आणि दूरचा आकडा आणायला अधूनमधून एक थर, असा हा विभागणीचा विचार आहे. मेमरी आता स्थिर राहत नाही. मजकुराबरोबर ती वाढतेच, पण संथ गतीने.

चीनमधील डीपसीकने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘व्ही ३.२’च्या प्रायोगिक आवृत्तीत वेगळी वाट घेतली. तिथे कोणाकडे पाहायचे हे जागेवरून ठरत नाही. एक हलका निवडक आधीच्या सर्व टोकनांना झटपट गुण देतो आणि त्यातील २,०४८ टोकनांकडेच मुख्य अटेन्शन जाते. निवड प्रश्न आल्यानंतर होत असल्याने तिसरे पान कितीही मागे असले तरी निवडले जाऊ शकते. यात वाचते ते गणित. कोणते टोकन कधी लागेल हे सांगता येत नसल्याने साठा मात्र सगळ्यांचाच ठेवावा लागतो. म्हणून ‘विरळ अटेन्शन’ असे वाचले की वेळ वाचतो आहे की मेमरी, हे आधी विचारायला हवे.

वापरणाऱ्याने हे कसे ओळखावे?

खुल्या मॉडेलबरोबर `config.json` नावाची फाइल येते. त्यात `sliding_window` या नोंदीसमोर 4096 सारखा आकडा असेल तर खिडकी तितक्या टोकनांची आहे. `null` असेल तर खिडकी नाही. ती सगळ्या थरांना आहे की काहींनाच, हे मात्र मॉडेलच्या माहितीपत्रात पाहावे लागते. जाहिरातीतील ‘३२ हजार टोकन’ हा आकडा किती मजकूर घेता येतो ते सांगतो, किती मजकूर थेट दिसतो ते सांगत नाही.

फाइल हाती नसेल तर साधी चाचणी करता येते. करारात ‘तळमजल्यावरील मीटर खोलीचा क्रमांक ७३१ राहील’ असे अंदाजाने सांगता न येणारे एक वाक्य घालावे. ते आधी ४७व्या पानावर, मग ४०व्या, २०व्या आणि तिसऱ्या पानावर ठेवून दर वेळी तोच प्रश्न विचारावा. ठरावीक अंतरापर्यंत उत्तर बरोबर आणि त्यापुढे सतत चूक, असे दिसले तर खिडकीचा संशय घ्यावा. पूर्ण दृष्टीची मॉडेलही दूरच्या गोष्टी चुकतात, पण ती चूक बहुधा अशा एकाच ठरावीक अंतरावर तुटत नाही.

मराठी दस्तऐवजांसाठी आणखी एक बाब. खिडकी पानांत मोजली जात नाही, टोकनांत मोजली जाते. मिस्ट्राल ७बीच्या मूळ शब्दसंग्रहात ३२ हजार टोकन आहेत आणि त्यात देवनागरीचा वाटा लहान आहे. त्यामुळे मराठी शब्द बऱ्याचदा अक्षर आणि काना-मात्रा इतका सुटा होतो. इंग्रजीची सहा पाने मावणाऱ्या खिडकीत मराठीची तेवढी पाने मावत नाहीत. आपल्या मजकुराचे एक पान टोकनांत मोजून मगच हिशेब करावा.

उपाय हाताशी आहे. उत्तरासाठी लागणारी कलमे प्रश्नाच्या जवळ आणून ठेवावीत. वरच्या उदाहरणात तिसऱ्या पानावरील मुदतीचे कलम आणि पंचेचाळिसाव्या पानावरील दंडाचे कलम एकाखाली एक ठेवून मग विचारले, तर दोन्ही सहा पानांच्या खिडकीत येतात. उत्तरासोबत कलमाचे मूळ शब्द मागावेत आणि ते करारात तपासून पाहावेत. ३६ अधिक ६ हा हिशेब मॉडेलला जड नसतो. त्याला ते दोन्ही आकडे दिसायला हवेत.